प्रोटॉन एनएमआर वाचन: C4H8O2 हा नमुना नेमका कोणता?

नमुना म्हणजे फळासारख्या वासाचा, पाण्यासारखा स्वच्छ द्रव. बाटलीवरचं लेबल पुसलं गेलंय. मास स्पेक्ट्रममध्ये रेणूवस्तुमान ८८ आणि सूत्र C4H8O2 मिळालं. आयआरमध्ये १७४० च्या आसपास कार्बोनिलची ठळक पट्टी आहे, पण हायड्रॉक्सिलची रुंद पट्टी कुठेच नाही. म्हणजे आम्ल नाही, अल्कोहोलही नाही. एस्टर असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. सूत्रावरून असंतृप्ततेची संख्या काढली तर (२×४ + २ − ८) ÷ २ = १ येते. ती एका C=O मध्येच संपते, तेव्हा रेणूत आणखी दुहेरी बंध नाही आणि वलयही नाही.

उत्कलनबिंदू मोजून काम भागेल असं वाटेल, पण इथे भागत नाही. या सूत्राचे दोन ओळखीचे एस्टर आहेत, इथाइल अ‍ॅसिटेट आणि मिथाइल प्रोपॅनोएट. पहिला ७७ अंशांना उकळतो, दुसरा ८० अंशांना. साध्या ऊर्ध्वपातनात एवढ्याशा फरकावर विसंबणं धोक्याचं. म्हणून नमुन्याचे काही थेंब CDCl3 मध्ये विरघळवून ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर वर्णपट घेतला. मिळालेली यादी अशी:

```
δ/ppm    shape   lines (Hz from TMS)             integral
7.26     s       2904.0                          -
3.670    s       1468.0                          4.52
2.325    q       941.4  933.8  926.2  918.6      3.01
1.56     br s    624                             -
1.140    t       463.6  456.0  448.4             4.55
0.00     s       0.0                             -
```

आधी घरचे आणि पाहुणे वेगळे करू. ०.०० वरची रेषा टीएमएसची, म्हणजे टेट्रामिथाइलसिलेनची. मोजमाप तिथून सुरू होतं. ७.२६ ला दिसतोय तो CDCl3 मध्ये उरलेला थोडासा CHCl3. १.५६ ची बुटकी, जाडसर रेषा विद्रावकातल्या पाण्याची. हे तिन्ही आपल्या रेणूचे नाहीत. ७.२६ पाहून 'बेंझिनचं वलय आहे' असं लिहून बसणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात, म्हणून विद्रावकाची शिखरं सर्वात आधी खोडायची सवय लावा. उरली तीन शिखरं: ३.६७, २.३३ आणि १.१४.

आता इंटिग्रेशन. शिखराखालचं क्षेत्रफळ त्या जागच्या प्रोटॉनांच्या संख्येच्या प्रमाणात असतं. इथे उंची पाहायची नाही, क्षेत्रफळ पाहायचं. ३.६७ ची एकटी रेषा कागदावर सगळ्यात उंच दिसते, पण १.१४ च्या तीन रेषांचं क्षेत्रफळ एकत्र केलं की ते जवळजवळ तेवढंच भरतं. यंत्राने दिलेले ४.५२, ३.०१, ४.५५ हे आकडे नुसते सापेक्ष आहेत, त्यांना स्वतःचं एकक नाही. त्यांची बेरीज १२.०८. रेणूत प्रोटॉन आठ, म्हणून एका प्रोटॉनच्या वाट्याला १.५१ येतात. भागाकार केला की २.९९, १.९९ आणि ३.०१ मिळतात. म्हणजे अनुक्रमे ३, २ आणि ३ प्रोटॉन. आठचा हिशेब पूर्ण जुळला, काही सुटलं नाही.

हिशेब असा नेटका जुळेलच असं मात्र नाही. दोन पल्सांमधलं अंतर कमी ठेवलं, तर सावकाश शिथिल होणाऱ्या प्रोटॉनांचं क्षेत्रफळ कमी भरतं. पाच-दहा टक्क्यांच्या फरकाने घाबरू नका. पण ३ च्या जागी २.५ येत असेल, तर आकडा ओढूनताणून पूर्णांकात बसवण्याआधी वर्णपट पुन्हा घ्या.

स्प्लिटिंगकडे वळू. हाच भाग सगळ्यात जास्त घोकला जातो आणि सगळ्यात कमी समजून घेतला जातो. १.१४ च्या तीन रेषा घ्या. त्या गटाच्या शेजारच्या कार्बनवर दोन प्रोटॉन आहेत असं धरू. प्रत्येक प्रोटॉनचं स्पिन बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने तरी असतं, नाहीतर विरुद्ध. दोघांच्या मिळून चार जुळण्या होतात: दोन्ही अनुकूल, दोन्ही प्रतिकूल, आणि एक असा एक तसा, हा प्रकार दोन तऱ्हांनी. अनुकूल-प्रतिकूल एकमेकांना खोडतात, म्हणून मधली रेषा जागेवरच राहते आणि ती दोन तऱ्हांनी बनत असल्यामुळे दुप्पट उंच दिसते. १:२:१ चं ट्रिप्लेट ते हेच. शेजारी तीन प्रोटॉन असतील तर जुळण्या आठ होतात आणि त्यांची विभागणी १:३:३:१ अशी पडते. २.३३ चं क्वार्टेट तसंच आहे. शेजारी n समान प्रोटॉन असतील तर n+१ रेषा, हा नियम या मोजणीतूनच निघतो.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. क्वार्टेट स्वतःच्या प्रोटॉनांची संख्या सांगत नाही, शेजाऱ्यांची सांगतं. 'क्वार्टेट आहे म्हणजे CH2' हे वाक्य चुकीचं आहे. त्याच्या शेजारी CH3 आहे, एवढंच क्वार्टेटवरून कळतं. ते स्वतः CH2 आहे हे आपल्याला इंटिग्रेशनने सांगितलं. आणि एकाच CH3 मधले तीन प्रोटॉन आपसात का फाटत नाहीत? ते पूर्णपणे समतुल्य आहेत. त्यांच्यातली आपसातली जोडणी वर्णपटात फाटा म्हणून उमटत नाही.

दोन शिखरं खरंच एकमेकांची शेजारी आहेत का, हे रेषांमधलं अंतर मोजून पडताळता येतं. ट्रिप्लेटमध्ये ४६३.६ वजा ४५६.० म्हणजे ७.६ हर्ट्झ, पुढचं अंतरही ७.६. क्वार्टेटमध्ये ९४१.४ वजा ९३३.८, पुन्हा ७.६, आणि उरलेली दोन अंतरंही तेवढीच. हा कपलिंग स्थिरांक, J. जोडणी बंधांमधल्या इलेक्ट्रॉनांमार्फत होते आणि दोन्ही बाजूंना सारखीच जाणवते, म्हणून दोन्हीकडे एकच आकडा मिळायला हवा. तो मिळाला. आणखी एक बारीक खूण: क्वार्टेटमधल्या जोडीदाराकडच्या, म्हणजे उजव्या रेषा डावीकडच्यांपेक्षा किंचित उंच असतात, आणि ट्रिप्लेटच्या डाव्या टोकाची रेषा उजव्या टोकापेक्षा. दोघं एकमेकांकडे झुकलेले दिसतात. वर्णपट मोठा करून हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. पुस्तकातल्या आकृतीत ते बहुधा पुसट असतं.

J क्षेत्रावर अवलंबून नसतो. ६० मेगाहर्ट्झच्या यंत्रावरही तो ७.६ हर्ट्झच येईल, पण तिथे ही दोन शिखरं ४७४ ऐवजी जेमतेम ७१ हर्ट्झ दूर राहतील आणि झुकाव बराच वाढेल. मोठ्या चुंबकाला मागणी असते त्याचं हेही एक कारण.

३.६७ ची रेषा एकटीच आहे. तिच्या CH3 ला प्रोटॉनवाला शेजारी कार्बन नाही. मध्ये ऑक्सिजन तरी असावा किंवा कार्बोनिल तरी.

आता हातातले तुकडे मोजू. एक एकटा CH3. एक CH3 आणि एक CH2 एकमेकांना जोडलेले, म्हणजे C2H5. C4H8O2 मधून हे दोन्ही वजा केले की CO2 उरतं. आयआरने C=O दाखवलंच आहे, तेव्हा हा तुकडा −C(=O)−O− असाच असणार. त्याच्या दोन टोकांना दोन गट लावायचे. मार्ग दोनच:

```
A:  CH3–C(=O)–O–CH2–CH3    ethyl acetate
B:  CH3–O–C(=O)–CH2–CH3    methyl propanoate
```

आणि इथेच खरी गंमत आहे. A चा वर्णपट घ्या किंवा B चा, सिंग्लेट, क्वार्टेट, ट्रिप्लेट हेच आकार आणि ३:२:३ हेच प्रमाण. इंटिग्रेशन आणि स्प्लिटिंग दोन्ही आपापलं काम चोख करून गप्प झाली आहेत. याच टप्प्यावर बरेच जण सवयीने 'इथाइल अ‍ॅसिटेट' लिहून मोकळे होतात, कारण तो रोजच्या ओळखीचा. निवाडा मात्र केमिकल शिफ्टच करू शकते.

प्रोटॉनभोवतीचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या क्षेत्राला थोडा विरोध करतात, त्याला आडोसा देतात. इलेक्ट्रॉन जितके दाट, तितका आडोसा जास्त आणि शिखर तितकं उजवीकडे. टीएमएसमध्ये सिलिकॉनमुळे मिथाइलवर इलेक्ट्रॉनांची दाटी जास्त असते, म्हणून तो बहुतेक सेंद्रिय संयुगांच्या उजवीकडे येतो. शिफ्ट म्हणजे टीएमएसपासूनचं हर्ट्झमधलं अंतर भागिले यंत्राची मेगाहर्ट्झमधली वारंवारता: १४६८ ÷ ४०० = ३.६७ पीपीएम. या भागाकारामुळे आकडा कोणत्याही यंत्रावर तोच राहतो.

ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढून घेतो. त्याला थेट जोडलेल्या कार्बनवरच्या प्रोटॉनांचा आडोसा कमी होतो आणि शिखर डावीकडे सरकतं. एस्टरमधला OCH3 ३.६ ते ३.८ च्या आसपास, OCH2 ४.१ च्या आसपास. कार्बोनिलला लागून असलेले CH3 किंवा CH2 एवढे सरकत नाहीत. ते साधारण २.० ते २.४ मध्ये राहतात.

A खरा असता तर एकटा CH3 कार्बोनिलला लागून, म्हणून २.०५ ला, आणि क्वार्टेट ऑक्सिजनला लागून, म्हणून ४.१२ ला दिसायला हवं होतं. ट्रिप्लेट १.२६ ला. आपल्याकडे नेमकं उलट आहे: सिंग्लेट ३.६७ ला, म्हणजे ऑक्सिजनवर, क्वार्टेट २.३३ ला, म्हणजे कार्बोनिलशेजारी. ट्रिप्लेटही १.१४ ला आहे, कारण ते ऑक्सिजनपासून आणखी लांब पडलं. नमुना B, मिथाइल प्रोपॅनोएट. J सुद्धा याच बाजूने बोलतो: इथाइल एस्टरच्या OCH2CH3 मध्ये तो साधारण ७.१ हर्ट्झ असतो, इथे ७.६ आहे.

याच सूत्राचे दोन फॉर्मेट एस्टरही आहेत, पण त्यांचा HCOO चा प्रोटॉन ८.० च्या आसपास हटकून दिसतो. इथे तो भाग कोरा आहे. डायऑक्सेनचंही सूत्र C4H8O2 च, पण त्यात कार्बोनिल नाही आणि आठही प्रोटॉन समतुल्य असल्यामुळे ३.७ ला एकच रेषा मिळते. 'शिखर ३.७ ला आहे' एवढ्यावर थांबलात तर तो आणि आपला नमुना सारखेच वाटतील.

खातरजमा करायची असेल तर कार्बन-१३ चा वर्णपट घ्या. मिथाइल प्रोपॅनोएटचा OCH3 कार्बन ५१.५ च्या आसपास येतो, तर इथाइल अ‍ॅसिटेटचा OCH2 ६०.४ च्या. मास स्पेक्ट्रममध्येही ५७ चा C2H5CO+ तुकडा शोधा. इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये त्या जागी ४३ चा CH3CO+ ठळक असतो.

प्रयोगवहीत नोंद अशी करा. शिफ्ट, आकार, J आणि प्रोटॉनांची संख्या यांतलं काहीही गाळू नका, आणि प्रत्येक शिखरापुढे तो गट कोणता हे लिहा:

```
1H NMR (400 MHz, CDCl3): δ 3.67 (s, 3H, OCH3),
2.33 (q, J = 7.6 Hz, 2H, CH2CO), 1.14 (t, J = 7.6 Hz, 3H, CH3)
```