शाडूच्या गणपतींची आगाऊ नोंदणी : गावभाग, सांगली

|| श्री गणेशाय नमः ||

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणेश चतुर्थी उशिरा, सोमवार 14 सप्टेंबर 2026 रोजी आहे. आमच्या घरच्या कारखान्यात शाडूच्या मूर्तींचं काम सुरू झालं आहे. नोंदणी रविवार 5 जुलैपासून रविवार 16 ऑगस्टपर्यंत घेऊ. एकूण दीडशे मूर्तीच करणार आहोत, तेवढ्या नोंदवून झाल्या की तारखेआधीही नोंदणी थांबेल.

16 ऑगस्टनंतर मूर्ती का मिळत नाही, असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. शाडू पावसाळी हवेत फार सावकाश वाळतो. घाईने उन्हात किंवा हीटरजवळ ठेवला की मानेला आणि सोंडेच्या मुळाशी तडे जातात. असे तडे प्लास्टरने बुजवून वर रंग मारता येतो, पण ते आम्ही करत नाही. तडा गेलेली मूर्ती पुन्हा भिजवायची आणि माती पहिल्यापासून मळायची, एवढीच रीत आमच्याकडे आहे. म्हणून वेळ हाताशी हवा.

दर असे आहेत. उंची बैठकीपासून मुकुटाच्या टोकापर्यंत मोजलेली आहे.

6 इंच : 700 रुपये
9 इंच : 1,200 रुपये (बहुतेक घरांत हीच जाते)
12 इंच : 2,000 रुपये
15 इंच : 3,200 रुपये
18 इंच : 4,800 रुपये, फक्त दहा मूर्ती

18 इंचांहून मोठी मूर्ती करत नाही. शाडू जड असतो आणि लवकर दुखावतो. मोठी मूर्ती उचलताना हात निखळला तर घरच्यांच्या मनाला किती लागतं, हे आम्ही पाहिलं आहे.

धड साच्यातून काढतो. हात, सोंड, कान आणि दागिने हातानेच घडवतो. रंग गेरू, पिवडी, नीळ आणि खडूची पांढरी, डिंकात कालवलेले. चकाकता सोनेरी किंवा ऑइलपेंट वापरत नाही, मुकुट पिवडीनेच रंगवतो. त्याला चमक कमी येते, पण डोळ्यांची आखणी त्यामुळे जास्त उठून दिसते, असं आमचं मत आहे. सोंड डावी असते, उजवी हवी असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा. पितांबराचा रंग लाल, पिवळा किंवा केशरी निवडता येईल. घरी पाट ठरलेला असेल तर तो सोबत आणा, बैठक त्याच मापाची करून देऊ.

नोंदणी कारखान्यात येऊनच करायची आहे, फोनवर घेत नाही. वाळत ठेवलेल्या मूर्ती डोळ्यांनी पाहून निवडलेल्या बऱ्या. बाहेरगावी असाल तर नातेवाइकांना पाठवा. निम्मी रक्कम इसार म्हणून द्यायची, रोख किंवा यूपीआय दोन्ही चालेल. पावतीवर नंबर असतो, तोच मूर्तीच्या पाठीमागे चिठ्ठीवर लावतो, त्यामुळे अदलाबदल होत नाही. पावती जपून ठेवा. 16 ऑगस्टपर्यंत नोंद रद्द केली तर पूर्ण इसार परत मिळेल.

मूर्ती नेण्याचे दिवस :

शनिवार 5 आणि रविवार 6 सप्टेंबर : 15 आणि 18 इंची मूर्ती, तसंच पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या सगळ्या. सकाळी 9 ते रात्री 8.

शनिवार 12 आणि रविवार 13 सप्टेंबर : बाकी सर्व, सकाळी 7 ते रात्री 10. 10 आणि 11 तारखेला अमावास्या येते म्हणून ते दोन दिवस ठेवलेले नाहीत.

सोमवार 14 सप्टेंबर : पहाटे 5 ते सकाळी 9, ज्यांच्याकडे चतुर्थीच्याच दिवशी मूर्ती आणायची रीत आहे त्यांच्यासाठी.

पुराची काळजी सांगलीत सर्वांनाच असते. 2019 चं पाणी गावभाग विसरलेला नाही. आयर्विन पुलाजवळ पातळी 35 फुटांवर गेली की आम्ही सगळ्या मूर्ती माडीवर हलवतो, इशारा पातळीच्या 40 फुटांची वाट पाहत नाही. रस्त्यावर पाणी आलं तर मूर्ती विश्रामबागमधल्या आमच्या मामांच्या घरून देऊ आणि पावतीवर लिहिलेल्या तुमच्या नंबरवर तसं कळवू.

नेताना मूर्ती पाटाखाली दोन्ही हात घालून उचला, हाताला किंवा मुकुटाला धरू नका. दुचाकीवर मागे बसणाऱ्याने मांडीवर घ्यावी. पाऊस असेल तर प्लास्टिकचा कागद आणा, ओल लागली तर रंग उतरतो. घरपोच सेवा नाही.

विसर्जन घरी बादलीत करा. हार, दूर्वा, कापडी वस्त्रं आधी काढून घ्या. 9 इंची मूर्ती साधारण रात्रभरात विरघळते. वरचं पाणी झाडांना घाला आणि खाली बसलेला गाळ वाळवून आमच्याकडे आणून द्या. तो चाळून पुढच्या वर्षी मळताना घेतो. गाळ आणून देणाऱ्यांना पुढच्या नोंदणीत 50 रुपये कमी.

पत्ता : गावभाग, सांगली. गणपती मंदिरापासून चालत पाच मिनिटं. निळ्या दाराचं कौलारू घर, ओट्यावर बेंदराचे मातीचे बैल मांडलेले दिसतील. वेळ रोज सकाळी 10 ते 1 आणि संध्याकाळी 5 ते 8. गुरुवारी बंद.