रात्रपाळीतला बाजार

दोन कॉलच्या मधे मिळणारे चाळीस सेकंद मला पुरायचे. हेडसेट कानाला, फोन टेबलाखाली मांडीवर. बिटकॉइन जरा हललं की विकायचं, लगेच पुन्हा घ्यायचं. घरी गेलो तरी उशाशी तोच आलेख. या बाजाराला रविवारही नाही.

एका पहाटे हिशेब मांडला. रात्रभरात २० वेळा घेतलं, २० वेळा विकलं, प्रत्येक वेळी सगळी रक्कम लावून. दर सौद्याला ०.१ टक्के शुल्क, म्हणजे ४० सौद्यांत जवळपास ४ टक्के भांडवल नुसत्या शुल्कात गेलं. भाव मात्र होता तिथेच! बहुतेक सौदे पहाटे तीन ते पाचमधले, डोळे मिटत असताना किंवा ग्राहकाने झापल्यावर केलेले. शेअर बाजार बंद झाला की राग निवायला रात्र तरी मिळते. इथे तोटा भरून काढायची संधी पुढच्याच मिनिटाला हजर असते, आणि मी दरवेळी तिला भुललो.

आता विकायचा भाव दिवसा ठरवून लिमिट ऑर्डर लावतो, तो भाव आला की विक्री आपोआप होते. फोन लॉकरमध्ये. काल पहाटे हात सवयीने मांडीकडे गेला. मग पाण्याची बाटली उचलली, तेवढ्यात पुढचा कॉल आला.