भाऊजींच्या मृत्युपत्राचा गोषवारा: कोणाला काय, किती आणि कोणत्या अटीवर

ताई आणि मुलांनो,

व्यवस्थापक म्हणून भाऊजींनी माझं नाव लिहिलं आहे, म्हणून हा गोषवारा मी करतो आहे. कागद दोन आहेत: 2019 चं मृत्युपत्र आणि 2022 ची दोन पानी पुरवणी. तुमच्यापैकी दोघांकडे फक्त पहिल्याची झेरॉक्स आहे आणि बरेचसे गैरसमज तिथूनच झालेत. दोन्ही एकत्र वाचायचे. जिथे फरक आहे तिथे पुरवणी खरी. माझ्या या लिखाणात आणि मूळ कागदात कुठे तफावत दिसली तर मूळ कागद धरा.

घर (कलम 4)
ताई, घरात तहहयात राहण्याचा हक्क तुझा. एखादी खोली भाड्याने दिलीस तर भाडंही तुझंच. पण घर विकता किंवा गहाण ठेवता येणार नाही, कारण मालकी तिन्ही मुलांची, प्रत्येकी एक तृतीयांश. तुझ्या हयातीत मुलांनाही ते विकता येणार नाही. तिघांचं एकमत झालं तरी तुझी लेखी संमती लागेल. तू कायमची दुसरीकडे राहायला गेलीस आणि तसं लिहून दिलंस, तरच हा हक्क संपतो. चार-सहा महिने लेकीकडे राहिलीस म्हणून काही जात नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण परवा तू तेच विचारत होतीस.

ठेवी आणि बचत खातं (कलम 3, 5 व पुरवणी)
आधी देणी, कर, दवाखान्याची बिलं आणि अंत्यविधीचा खर्च. ते भागवून जे उरेल त्याचे 12 भाग करायचे. आज पासबुकात दिसते ती रक्कम 12 ने भागू नका.

ताई: 6 भाग
मोठा: 1 भाग
मधली: 3 भाग
धाकटा: 2 भाग

2019 च्या कागदात तिन्ही मुलांना दोन-दोन भाग होते. पुरवणीत मोठ्याचा एक भाग मधलीकडे गेला. कारण भाऊजींनीच लिहिलं आहे: दुकान उभं करताना मोठ्याला दिलेली रक्कम त्याच्या वाट्यापोटी आधीच पोचली असं समजावं. नाराजीतून केलेलं नाही. ते वाक्य मोठ्याने मूळ कागदात स्वतः वाचावं, माझ्या शब्दांवर जाऊ नये.

दोन ठेवींवर नॉमिनी म्हणून मोठ्याचं नाव आहे. पैसे त्याच्या खात्यावर येतील, पण ते वाटपासाठी. वरच्या 12 भागांत तेही धरायचे.

धाकट्याचे 2 भाग तो 25 वर्षांचा होईपर्यंत माझ्याकडे वेगळ्या खात्यात राहतील (कलम 6). तोवर व्याज शिक्षणासाठी वापरता येईल, मुद्दल नाही. मोटारसायकल हे शिक्षण नव्हे, हे आत्ताच सांगून ठेवतो.

ठरावीक वस्तू (कलम 7 ते 9)
आजीचे दागिने मधलीला. हत्यारांची पेटी पुतण्याला. स्कूटरही त्यालाच लिहिली होती, पण ती भाऊजींनी स्वतःच विकली. जी वस्तू मृत्यूच्या वेळी नसेल तिच्याबदल्यात पैसे द्यायचे नाहीत, असं कलम 9 म्हणतं. आत्यांना लिहिलेली रक्कम त्या भाऊजींच्या आधी गेल्यामुळे त्यांच्या मुलांकडे जात नाही. कागदात तसं स्पष्ट आहे. ती उरलेल्या मालमत्तेत मिळते आणि उरलेलं सगळं ताईचं (कलम 11).

एका गोष्टीचा निर्णय मी केलेला नाही. ‘घरातलं सामान पत्नीला’ असं लिहिलं आहे, पण कपाटातली चांदीची भांडी सामान की दागिने? मधलीचं म्हणणं एक, ताईचं दुसरं. वकिलांचं लेखी मत येईपर्यंत ती कपाटातच राहतील आणि किल्ली माझ्याकडे.

सगळ्यांना लागू अटी
वाटा मिळायला भाऊजींनंतर 30 दिवस हयात असणं आवश्यक होतं. ते दिवस पूर्ण झालेत. मृत्युपत्राला कोर्टात आव्हान देणाऱ्याचा वाटा इतरांना जाईल, असं कलम 13 आहे. ते कितपत टिकेल हेही वकिलांना विचारलं आहे. तोवर त्याचा धाक कोणी कोणाला घालू नये.

आता करायचं ते
मोठ्याने नॉमिनी असलेल्या ठेवींच्या पावत्या मला द्याव्यात आणि त्या मोडू नयेत. मधलीने दागिन्यांची यादी ताईसमोर करून दोघींनी सह्या कराव्यात. ताई, दवाखान्याची राहिलेली बिलं एका पाकिटात ठेव, मी रविवारी येऊन नेतो. धाकट्याने जन्माच्या दाखल्याची प्रत पाठवावी. ते वेगळं खातं त्याशिवाय उघडता येणार नाही.

— मामा