प्रतीक, तुझ्या मॉक इंटरव्ह्यूचे मार्क: 100 पैकी 54

प्रतीक, काल तू गेल्यावर मी आणि मॅडम अर्धा तास बसून मार्क मांडले. पोस्ट क्वालिटी इन्स्पेक्टरची, कंपनी चाकणची प्रेस पार्ट बनवणारी, इंटरव्ह्यू गुरुवारी, हे सगळं धरूनच मार्क दिलेत. म्हणजे तू माणूस कसा आहेस याचे हे मार्क नाहीत, गुरुवारी टेबलापलीकडे बसलेल्यांना तू कसा दिसशील याचे आहेत. उत्तरांना 50 पैकी 27, बॉडी लँग्वेजला 20 पैकी 13, तयारीला 30 पैकी 14. चोपन्न बघून तोंड पाडू नकोस, कारण यातले निम्मे गेलेले मार्क मंगळवारपर्यंत परत येण्यासारखे आहेत आणि ते कुठले ते खाली लिहिलंय.

उत्तरं आधी.

"स्वतःबद्दल सांगा" याला 10 पैकी 4. नाव, गाव, वडील शेती करतात, आई गृहिणी, हॉबी क्रिकेट. अरे हे सगळं सीव्हीवर आहे आणि जे नाही ते त्यांना नकोय. एक वर्ष प्रेस शॉपमध्ये ॲप्रेंटिसशिप केलीस ते वाक्य सगळ्यात शेवटी आलं, ते पण "आणि वन इयर एक्स्पिरियन्स आहे सर" एवढंच. उलटं कर. "मी मेकॅनिकल डिप्लोमा केला, त्यानंतर एक वर्ष प्रेस शॉपमध्ये इनप्रोसेस इन्स्पेक्शनला होतो, सेटिंगनंतरचा पहिला पीस आणि मग दर तासाला पाच पीस चेक करायचो, व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज स्वतः हाताळलंय." बास, मिनिटभर. क्रिकेट त्यांनी विचारलं तर सांग.

टेक्निकलला 20 पैकी 13, आणि यातले बरेचसे मार्क त्या ब्रॅकेटने मिळवून दिले. मी ड्रॉइंग आणि पीस पुढे सरकवला तेव्हा तू काय केलंस आठवतंय का? व्हर्नियर उचलला, अंगठ्याने जबडे पुसले, मिटवून उजेडाकडे धरून झीरो बघितला आणि मगच पीसला लावला. कोणी सांगितलं नव्हतं. मॅडम एचआरच्या आहेत, त्यांना व्हर्नियरमधलं काही कळत नाही, पण त्यासुद्धा नंतर म्हणाल्या की हा मुलगा तेवढा वेळ एकदम वेगळाच वाटला. मेन स्केल 24, अठरावी रेघ जुळली, लीस्ट काउंट 0.02, म्हणजे 24.36. ड्रॉइंगला 24.5 प्लस मायनस 0.1, खालची लिमिट 24.40, पीस 40 मायक्रॉन बाहेर, रिजेक्ट. न अडखळता सांगितलंस. इथे पूर्ण मार्क.

मार्क गेले ते पाठांतरात. सेव्हन क्यूसी टूल्स घडाघडा म्हणून दाखवलीस, चेक शीट, पॅरेटो, फिशबोन, हिस्टोग्राम, स्कॅटर, कंट्रोल चार्ट, स्ट्रॅटिफिकेशन. मग मी विचारलं यातलं तू स्वतः काय वापरलंस, तर गप्प. आणि इंटरव्ह्यूआधी चहा पिताना तूच मला सांगत होतास की पीसच्या कडेला येणाऱ्या बरची रोज चेक शीट भरायचो आणि महिन्याच्या शेवटी सर त्यावरून कुठल्या डायला बर जास्त येतेय ते काढायचे! हेच तर उत्तर आहे रे, चेक शीटवरून पॅरेटो असाच होतो. तू केलंयस ते तुला उत्तर वाटत नाही आणि गाइडमध्ये छापलंय ते वाटतं, तुझा सगळा घोळ मला इथेच दिसतो.

सीपीके 1.33 का लागतो याला तू म्हणालास "ऑडिटला विचारतात म्हणून". हसलो आम्ही, प्रामाणिकपणाचा अर्धा मार्क दिला. पण समजून घे, अवघड नाहीये, प्रोसेस लिमिटच्या आत किती आरामात बसते ते सीपीके सांगतो. याच ब्रॅकेटचं माप धर, सरासरी बरोबर 24.5 आणि सिग्मा 0.025. सरासरीपासून लिमिट 0.1 लांब, भागिले तीन सिग्मा म्हणजे 0.075, आलं 1.33. म्हणजे सरासरी आणि जवळची लिमिट यांच्यात चार सिग्मा मावतात, प्रोसेस थोडी सरकली तरी लगेच पीस बाहेर जात नाही. सरासरी 24.45 ला सरकली की तोच आकडा 0.67 वर येतो, कारण जवळची लिमिट आता फक्त 0.05 लांब राहिली. हे एवढं कागदावर करून दाखवलंस तरी समोरचा खूश होईल.

आयएटीएफ 16949 ला तू "आयएसओसारखंच असतं" म्हणालास. अगदी चूक नाही, पण असं म्हण की ते गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांसाठीचं क्वालिटी सिस्टिमचं स्टँडर्ड आहे, आयएसओ 9001 सोबत धरून चालतं, 2016 ला आलं, त्याआधी टीएस 16949 होतं. यापेक्षा जास्त इन्स्पेक्टरला कोणी खोदून विचारत नाही.

प्रसंगाच्या प्रश्नाला 10 पैकी 5, आणि हा गुरुवारी येणारच असं धरून चाल. मी सुपरवायझर झालो आणि म्हणालो "अरे 40 मायक्रॉनने काय होतं, डिस्पॅचची गाडी उभी आहे, जाऊ दे." आत्ताच रिजेक्ट म्हणणारा तू लगेच "बघून घेऊ सर" वर आलास. खुर्चीत मागे सरकलास, आवाज बसला. त्यांना भांडणारा पोरगा नकोय, पण असा विरघळणारा तर अजिबात नकोय. तिथे म्हणायचं, "सर, पीस ड्रॉइंगच्या बाहेर आहे, मी पास करू शकत नाही. लॉटला होल्ड टॅग लावतो, शेवटचा ओके पीस कधी होता ते रजिस्टरला बघून तिथपासूनचा माल वेगळा काढून चेक करतो, आणि क्वालिटी हेडला आत्ताच फोन करतो, डेव्हिएशन घ्यायचं की नाही ते ठरवतील." यात तू कोणाला उलट बोलला नाहीस आणि माल पण सोडला नाहीस. ॲप्रेंटिसशिपला असताना असं कधी झालं असेल तर तोच किस्सा सांग, बनवून सांगू नको, दुसऱ्या प्रश्नाला पकडला जाशील.

गॅप, पगार, शिफ्ट मिळून 10 पैकी 5. आठ महिन्यांच्या गॅपला "घरचे प्रॉब्लेम" असं खाली बघत म्हणालास, त्यावरून माणूस काहीही समजेल. सरळ सांग की वडिलांचं ऑपरेशन झालं, जुन्नरला घरी थांबावं लागलं, आता ते बरे आहेत आणि मी मोशीला मित्राकडे राहायला आलोय. दोन वाक्यं, लपवायचं काही नाही. पगाराला "जे द्याल ते" नको, तुझ्या सोबतच्या पोरांना चाकणला काय मिळतंय ते विचारून एक रेंज ठरव आणि पीएफ कापून हातात किती ते नीट विचार. तिसऱ्या शिफ्टला लगेच हो म्हणालास ते चांगलं, पण रात्री कसा येणार याला उत्तर नव्हतं. कंपनीची बस मोशीला थांबते का ते आधीच काढून ठेव.

इंग्रजीचं टेन्शन घेतोस त्याचे मी मार्क कापले नाहीत. मॅडमनी इंग्रजीत विचारलं की तू पहिलं वाक्य इंग्रजीत बोललास आणि मग शब्द शोधत बसलास. पहिली दोन वाक्यं नीट बोल आणि मग विचार, "पुढचं मराठीत सांगितलं तर चालेल का?" फ्लोअरवर मराठी-हिंदीच चालते, त्यांनाही माहितीये.

आता बॉडी लँग्वेज, 20 पैकी 13. आत येणं, नमस्कार, बसा म्हटल्यावर बसणं, कपडे, सगळं व्यवस्थित. पेनचं टिकटिक चालू होतं, पेन खिशातच राहू दे. खिशात मोबाईल थरथरला आणि तुझी नजर खाली गेली, तो बंद करून बॅगेत. पण जास्त मार्क एका गोष्टीचे कापलेत जी तुझ्या लक्षातही आली नसेल: प्रश्न मॅडम विचारत होत्या आणि तू उत्तर मला देत होतास. सगळ्या वेळी. त्या काही बोलल्या नाहीत, पण गुरुवारी तिथे बाई असली तर तिला हे पहिल्या पाच मिनिटांत खटकेल आणि ती का नाही म्हणाली ते तुला कधी कळणार नाही. जो विचारेल त्याच्याकडे बघून सुरुवात करायची, मध्ये दुसऱ्याकडे नजर टाकायची, शेवट परत विचारणाऱ्याकडे. आठवताना टेबलाकडे बघतोस त्याला हरकत नाही, तेवढं चालतं. आणि दर वाक्याला "सर" थोडं कमी कर, मॅडमनापण एकदा "सर" म्हणालास.

तयारी, 30 पैकी 14. फाइलला 10 पैकी 9: मार्कशीट, डिप्लोमा, ॲप्रेंटिसशिपचं सर्टिफिकेट, सगळं ओळीने लावलेलं, मागितलं की लगेच निघालं. एक मार्क झेरॉक्सचा दुसरा सेट नव्हता म्हणून.

सीव्हीला 10 पैकी 4. दोन पानं कशाला? वरचा तो ऑब्जेक्टिव्हचा परिच्छेद सगळ्यांच्या सीव्हीला सारखाच असतो, काढून टाक. कॅटिया लिहिलंय आणि विचारल्यावर "कॉलेजला बघितलं होतं" म्हणालास. काढ. एक खोटी ओळ सापडली की उरलेल्या खऱ्या ओळींवरही संशय येतो. त्या जागी कुठली इन्स्ट्रुमेंट वापरलीस आणि कुठली रजिस्टर भरलीस ते लिही.

कंपनीची माहिती, 10 पैकी 1. तो एकसुद्धा पत्ता बरोबर सांगितलास म्हणून. काय बनवतात विचारलं तर "ऑटोमोबाईल पार्ट". अख्खं चाकण तेच बनवतं! वेबसाइट उघड, प्रॉडक्टच्या फोटोत ब्रॅकेट दिसतात का अजून काही, वेल्डिंग आहे का, गिऱ्हाईक कोण, वहीत लिही. जाहिरातीत पीपॅप डॉक्युमेंटेशनला मदत असं स्पष्ट लिहिलं होतं आणि तू जाहिरात नीट वाचली नव्हतीस. नवीन पार्ट रेग्युलर चालू करायच्या आधी ड्रॉइंग, कंट्रोल प्लॅन, एफएमईए, मापांचे रिपोर्ट असे पेपर गिऱ्हाइकाकडून मंजूर करून घेतात, ते पीपॅप. मापांचे रिपोर्ट तू भरलेयस की, मग ते सांग. आणि शेवटी "काही विचारायचंय का" याला "नो सर" म्हणालास. निदान एवढं विचार, की सुरुवातीला कुठल्या लाइनवर टाकणार आणि सगळ्यात जास्त कटकट कुठल्या डिफेक्टची आहे.

मंगळवारी संध्याकाळी साडेसातला परत बसू. सीव्ही एका पानाचा करून सोमवारी रात्रीपर्यंत व्हॉट्सॲपवर टाक. या वेळी सगळे प्रश्न मॅडमच विचारतील, मी कोपऱ्यात बसून फक्त लिहिणार. मायक्रोमीटर घेऊन येतोय, झीरो एरर मुद्दाम ठेवलेला असेल.