कर्मचारी आचारसंहिता : प्रकरण ४ (हितसंबंधांचा संघर्ष) आणि प्रकरण ५ (भेटवस्तू व पाहुणचार)

द्राक्ष निर्यात विभाग, नाशिक. अंमल : १ ऑक्टोबर २०२६ पासून.

ही दोन प्रकरणं नाशिकचं मुख्य कार्यालय, दिंडोरी रस्त्यावरचं पॅकहाऊस आणि निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांत फिरणारे सगळे यांना लागू आहेत. कायम, हंगामी, कंत्राटी आणि शिकाऊ यांत फरक नाही. संचालकही यातून सुटत नाहीत. यात ‘करायचं नाही’ असं जिथे लिहिलं आहे, तिथे वरिष्ठाने तोंडी परवानगी दिली तरी ते करायचं नाही.

प्रकरण ४ : हितसंबंधांचा संघर्ष

४.१ कंपनीसाठी तुम्ही जो निर्णय घेता, त्यातून तुम्हाला किंवा तुमच्या जवळच्या माणसाला वेगळा फायदा किंवा तोटा होऊ शकत असेल, तर तो हितसंबंधांचा संघर्ष. फायदा प्रत्यक्ष झाला का, तुम्ही खरोखर पक्षपात केला का, हे इथे पाहिलं जात नाही. निर्णय तुमच्या हातात आहे आणि फायदा तुमच्या घरात जाऊ शकतो, एवढं पुरे.

४.२ ‘निर्णय’ म्हणजे फक्त सही नव्हे. बागेची पाहणी करणं, मण्याची साइज आणि गोडी मोजणं, रेसिड्यू तपासणीचा नमुना घेणं, खुड्याची तारीख देणं, माल निर्यातीचा की लोकल हे ठरवणं, काट्यावर वजनाची चिठ्ठी फाडणं, टोळीच्या मुकादमाची हजेरी लावणं, गाडी कोणाची लावायची ते सांगणं, बिल पुढे सरकवणं किंवा अडवून ठेवणं, हे सगळे निर्णय आहेत.

४.३ ‘जवळची माणसं’ म्हणजे पती किंवा पत्नी, मुलं, आईवडील, सासूसासरे, सख्खी, चुलत, मामे, मावस आणि आते भावंडं, मेव्हणे, मेव्हण्या, साडू, दीर, नणंदा, सुना, जावई आणि व्याही. शिवाय तुमच्याच घरात राहणारा कोणीही, व्यवसायातला भागीदार, आणि ज्याच्याशी तुमची २५,००० रुपयांहून जास्त उसनवारी आहे तो. नुसता गाववाला, वर्गमित्र किंवा भिशीतला सोबती यात धरलेला नाही. तो धरला तर निफाड तालुक्यात पाहणीला पाठवायला माणूस उरणार नाही.

४.४ स्वतःची बाग. आपल्यातल्या बऱ्याच जणांची शेती आहे आणि कंपनीला माल देण्याचा त्यांचा हक्क इतर शेतकऱ्यांइतकाच आहे. त्यासाठी चार अटी आहेत. हंगामाआधी, ३० नोव्हेंबरपर्यंत, गट क्रमांकासह नोंद करायची. त्या बागेची पाहणी, नमुना आणि निवड दुसऱ्या तालुक्याचा फील्ड ऑफिसर करणार. भाव त्या दिवशी फलकावर लावलेलाच मिळणार, खुड्याची पाळीही पुढे सरकणार नाही. आणि माल लोकल ठरला तर त्यावरची हरकत इतर शेतकऱ्यांप्रमाणेच लेखी द्यायची, पॅकहाऊसमध्ये उभं राहून निवड करणाऱ्या बायकांशी वाद घालायचा नाही.

सातबाऱ्यावर तुमचं नाव नाही, हे उत्तर चालणार नाही. जमीन वडिलांच्या किंवा चुलत्याच्या नावावर असेल, वाटणी झालेली नसेल, किंवा बाग वाट्याने कसत असाल आणि उत्पन्नातला हिस्सा तुमच्याकडे येत असेल, तर ती नोंदीपुरती तुमची बाग आहे.

४.५ औषधं, खतं आणि सल्ला. फील्ड ऑफिसरने शेतकऱ्याला औषधाचा घटक, प्रमाण आणि काढणीपूर्व थांबण्याचे दिवस सांगायचे. दुकान सांगायचं नाही. कोणत्याही कृषी सेवा केंद्राकडून किंवा औषध कंपनीकडून कमिशन, विक्रीवर टक्का, ‘टार्गेट’ची सहल, यातलं काहीही घ्यायचं नाही. पत्नीच्या किंवा भावाच्या नावावर दुकान असेल तर त्या दुकानाचे ग्राहक असलेल्या बागा तुमच्याकडे राहणार नाहीत. हे कलम सगळ्यांत कडक ठेवलं आहे, कारण इथली चूक पैशापुरती राहत नाही. कमिशनसाठी मारलेली एक जास्तीची फवारणी रेसिड्यूच्या अहवालात उतरते, युरोपला जाणारा कंटेनर अडतो आणि त्या कंटेनरमध्ये माल असलेल्या प्रत्येक शेतकऱ्याचं बिल लटकतं.

४.६ पुरवठादार. पुठ्ठ्याची खोकी, कॅरेट, पॅलेट, बर्फ, डिझेल, कँटीन, मजूर टोळ्या, रीफर गाड्या यांपैकी कशाचाही पुरवठा तुमचा जवळचा माणूस करत असेल किंवा करू इच्छित असेल, तर दर मागवणं, तुलना करणं आणि बिल मंजूर करणं यांपासून तुम्ही दूर राहायचं. तुमच्या ट्रकवर दुसऱ्याचं नाव रंगवलं म्हणून गाडी दुसऱ्याची होत नाही. हप्ता कोण भरतो, हे पाहिलं जाईल.

४.७ नोकरी आणि बढती. जवळच्या माणसाची मुलाखत घ्यायची नाही, त्याचा पगार किंवा ओव्हरटाइम मंजूर करायचा नाही. एकाच साखळीत वरिष्ठ-कनिष्ठ असे नातेवाईक ठेवले जाणार नाहीत. नोकरीत असताना दोघांचं लग्न ठरलं तर साखरपुडा झाल्यावर ३० दिवसांत कळवायचं. कोणाची बदली होणार ते दोघांशी बोलून ठरेल, आणि ती बाईचीच होईल असं गृहीत धरलं जाणार नाही.

४.८ जोडधंदा. सुट्टीच्या दिवशी शिकवणी घ्या, पिठाची गिरणी चालवा, विचारायची गरज नाही. दुसऱ्या निर्यातदाराचं किंवा बेदाणा व्यापाऱ्याचं काम मात्र करायचं नाही, फुकटही नाही. कंपनीने नाकारलेला माल स्वतः विकत घ्यायचा नाही आणि ठरावीक व्यापाऱ्याला मिळवूनही द्यायचा नाही. माल नाकारणाराच तो स्वस्तात उचलू लागला, तर नाकारण्याचं प्रमाण का वाढलं हे विचारायला कोणी उरत नाही.

४.९ नोंद कशी करायची. मनुष्यबळ विभागात ‘हितसंबंध नोंद’ नावाचा एक पानी मराठी अर्ज आहे. संघर्ष लक्षात आल्यापासून ७ दिवसांत तो भरून द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच दिल्याच्या दिवसापासून त्या कामाला हात लावायचा नाही. मनुष्यबळ प्रमुख ७ कामकाजाच्या दिवसांत लेखी उत्तर देतील. उत्तर आलं नाही तर ती परवानगी नव्हे. तेव्हा कार्यकारी संचालकांकडे जायचं. मनुष्यबळ प्रमुखांचाच संबंध असेल तर अर्ज थेट कार्यकारी संचालकांकडे. शंका असली तरी अर्ज भरायचा. नोंद केलेल्या नात्याबद्दल कोणावरही कारवाई होणार नाही, न केलेल्या नोंदीबद्दल होईल.

प्रकरण ५ : भेटवस्तू व पाहुणचार

५.१ पैसे अजिबात नाहीत. रोख, यूपीआय, गिफ्ट कार्ड, सोन्या-चांदीचं नाणं, मोबाइल रिचार्ज, पेट्रोल, बिनव्याजी उसने, मुलाच्या कॉलेजची फी, यांपैकी काहीही शेतकरी, पुरवठादार, वाहतूकदार किंवा ग्राहकाकडून घ्यायचं नाही. रक्कम किती, हा प्रश्नच नाही. खात्यात न विचारता पैसे आले तर त्याच दिवशी परत पाठवायचे आणि स्क्रीनशॉट मनुष्यबळ विभागाला द्यायचा.

५.२ वस्तू. एका देणाऱ्याकडून एका आर्थिक वर्षात मिळून १,००० रुपयांपर्यंतची साधी वस्तू चालेल : दिवाळीचा मिठाईचा पुडा, डायरी, कॅलेंडर, देवस्थानचा प्रसाद. किंमत बाजारभावाने धरायची. ‘आमच्या घरचीच आहे’ म्हणून दिलेली द्राक्षं, कांदे किंवा गूळही यात मोजायचा. दारू कोणत्याही किमतीची चालणार नाही. नाशिकची वाइन गावची ओळख असली तरी ती बाटली परतच जाईल. येवल्याच्या पैठणीचंही तेच. ती मर्यादेत बसवण्यासाठी बिलावर किंमत कमी लावून आणणं ही वेगळी फसवणूक धरली जाईल.

निविदा किंवा दरनिश्चिती चालू असताना, आणि जानेवारी ते एप्रिल या खुड्याच्या हंगामात, पाहणी, काटा आणि निवड या तीन कामांवरच्या माणसांसाठी मर्यादा शून्य आहे.

५.३ बागेतलं जेवण. बागेत गेल्यावर चहा, पाणी, भाकरी नाकारायची नाही. दुपारी दोन वाजता तिथे हॉटेल नसतं आणि ताटावरून उठून जाणं हा शेतकऱ्याचा अपमान आहे. मात्र कामाच्या दिवशी, कामाच्या जागी, आणि घरात शिजलं असेल तेच. तुमच्यासाठी मुद्दाम बोकड कापला जात असेल तर तुम्ही आधीच जास्त वेळ थांबला आहात. संध्याकाळची ढाब्यावरची पार्टी, हुरड्याचं रिसॉर्ट, बिल दुसऱ्याने भरलेली शिर्डी किंवा गोव्याची सहल, यांतलं काहीही चालणार नाही.

५.४ सिंहस्थ. २०२७ च्या सिंहस्थात नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला गावोगावचे पाहुणे येतील. त्यांच्यासाठी पुरवठादाराच्या फार्महाऊसची खोली, वाहतूकदाराची गाडी किंवा कोणाच्या ओळखीचा पास मागायचा नाही आणि देऊ केला तरी घ्यायचा नाही. भाडं देऊन घेतलं असेल तर पावती जवळ ठेवायची.

५.५ लग्नकार्य. शेतकऱ्याच्या किंवा पुरवठादाराच्या घरच्या लग्नाला जायला हरकत नाही. तुमच्या घरच्या कार्यात त्यांनी दिलेला आहेर मांडवात परत करता येत नाही, हे कंपनीला कळतं. म्हणून ५.१ ला हा एकच अपवाद : ५०१ रुपयांपर्यंतचा आहेर ठेवता येईल. त्यावरची रक्कम, आणि १,००० रुपयांवरची वस्तू, १५ दिवसांत लेखा विभागात जमा करायची. विभाग ती आभारपत्रासह देणाऱ्याला परत पाठवेल. वाईटपणा कंपनी घेईल. पुरवठादारांना व्हॉट्सॲपवर पत्रिका पाठवायची नाही. बोलवायचं असेल त्याला घरी जाऊन बोलवा.

५.६ परत करता आलं नाही तर. वस्तू तुमच्या गैरहजेरीत घरी आली, कुरिअरने आली किंवा देणारा ऐकेना, तर २ कामकाजाच्या दिवसांत पॅकहाऊसच्या स्टोअरमध्ये भेट नोंदवहीत लिहून जमा करायची. नाशवंत माल कँटीनच्या टेबलावर जाईल. पत्नीने किंवा मुलाने घेतलेली वस्तू तुम्हीच घेतली असं धरलं जाईल.

५.७ आपण देताना. सरकारी अधिकारी, तपासनीस, बाजार समितीचे कर्मचारी, सीमाशुल्क, आरटीओ, यांना कंपनीच्या वतीने काहीही द्यायचं नाही. ‘चहापाणी’, ‘फाइल हलवायचा खर्च’ ही लाचच आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत असू शकते. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवावं लागतं. तुम्ही त्याच दिवशी मनुष्यबळ प्रमुखांना सांगायचं, पुढची तक्रार कंपनी करेल. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे, तिथे तुम्ही थेटही करू शकता. लाच न दिल्यामुळे कंटेनर न्हावाशेव्याला अडकला आणि नुकसान झालं, तर ते कोणाच्या पगारातून किंवा बढतीतून वसूल होणार नाही.

५.८ कारवाई. नोंद उशिरा केली आणि लपवण्याचा हेतू नव्हता, तर पहिल्या वेळी लेखी ताकीद. नोंद लपवली, खोटी दिली, किंवा ५.१, ५.७ अथवा ४.५ मोडलं, तर ते गंभीर गैरवर्तन. त्यात निलंबन, बडतर्फी आणि नुकसानीची कायद्याने वसुली होऊ शकते. आरोपपत्र लेखी व मराठीत मिळेल, उत्तराला ७ दिवस मिळतील, चौकशीत एक सहकारी सोबत आणता येईल. चौकशीविना कोणालाही काढलं जाणार नाही. चौकशी सुरू होण्याआधी स्वतःहून सांगितलं तर शिक्षा ठरवताना ते धरलं जाईल.

तक्रार नाव न देताही करता येईल. तक्रार करणाऱ्याची पाळी बदलणं, त्याला हंगामात न बोलावणं, त्याच्या बागेचा खुडा मागे ढकलणं हेही गंभीर गैरवर्तन आहे. तक्रार खरी निघाली नाही एवढ्यावरून कारवाई होणार नाही. खोटं आहे हे माहीत असून केली, तरच होईल.

५.९ आधीपासूनचे संबंध आणि १ एप्रिल २०२६ नंतर मिळालेल्या १,००० रुपयांवरच्या वस्तू यांची नोंद ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत द्यायची. त्या मुदतीत दिलेल्या नोंदीवर कारवाई नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पर्यवेक्षक दोन्ही प्रकरणं वाचून दाखवतील आणि अंगठ्याशेजारी स्वतःची सही करतील.