पाय गरम झाले का बघ

मंगळवारी फार्माकॉलॉजीचा पेपर आणि शनिवारी सकाळपासून घरात लाइट नाही, तेव्हा बाबा म्हणाले चल माझ्याबरोबर, सेंटरवर इन्व्हर्टर आहे, स्टोअररूममध्ये बसून वाच. बाबा महाड तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात फार्मासिस्ट आहेत, गावातले सगळे त्यांना कंपाउंडरभाऊ म्हणतात. भातकापणी चालू होती, शनिवारचा बाजारही होता, त्यामुळे दहाच्या आत ओपीडीची रांग गेटपर्यंत गेली आणि माझं पुस्तक स्टोअररूममध्ये राहिलं, मी औषधांच्या खिडकीवर. बाबा केसपेपर वाचून गोळ्या काढणार, मी कधी घ्यायच्या ते सांगून हातात देणार.

"डोक्यात अभ्यास चालू ठेव, हात थांबवू नको," एवढंच बाबा म्हणाले.

मग काय, प्रत्येक पट्टीबरोबर डोक्यात एक ओळ. मेटफॉर्मिन, लिव्हरमधून साखर बाहेर पडणं कमी करतं, एएमपी कायनेज, एकट्याने दिलं तर शुगर सहसा फार खाली जात नाही. अल्बेंडाझोल, जंताच्या बीटा ट्युब्युलिनला चिकटतं, मायक्रोट्युब्यूल बनत नाहीत, जंताला ग्लुकोज घेता येत नाही. सालब्युटामॉल, बीटा टू, सायक्लिक एएमपी वाढतो, श्वासनळी सैल. पटापट येत होतं.

एक आजी आली. नऊवारी थोडी वर खोचलेली, घोट्याशी दोन्ही पाय सुजलेले, बोटाने दाबलं की खड्डा पडत होता. तिच्या पेपरवर बीपीची गोळी, ॲम्लोडिपिन.

"ही गोळी खाल्ल्यापास्नं पाय सुजतात गो बाय, माझी किडनी गेली का काय? शेजारीण म्हणते गोळी बंद कर."

हे मला पाठ होतं, एल टाइप कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर, साइड इफेक्ट अँकल एडिमा, दोन मार्क. पण का सुजतात ते आठवायला त्या पायाकडे बघावं लागलं. गोळीने धमनीकडच्या बारीक नळ्या उघडतात, शिरेकडच्या तेवढ्या उघडत नाहीत, मग मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. म्हणजे अंगात पाणी जास्त झालंय असं नाही, आणि म्हणूनच लघवीच्या गोळीने ही सूज फारशी उतरत नाही. मी आजीला म्हटलं, गोळीनेही सूज येऊ शकते आजी, पण किडनी ठीक आहे का ते तपासून डॉक्टरच सांगतील, तुम्ही परत आत जा आणि हे पाय दाखवा, तोपर्यंत मनाने गोळी सोडू नका. आजी आत गेली. बाहेर आली तेव्हा डॉक्टर मॅडमनी लघवी तपासायला सांगितली होती, ॲम्लोडिपिनचा डोस अर्धा केला होता आणि सोबत टेल्मिसार्टन लिहिलं होतं. टेल्मिसार्टनने शिरेकडची बाजूही उघडते म्हणून सूज कमी होते, ही ओळ मला पुस्तकात कधी लक्षात राहिली नव्हती, आता राहील.

मग एक बाई आली, माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठी. टीबीच्या गोळ्या सुरू होऊन महिना झालेला, आणि आशाताईंनी तिला माला-एन ह्या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट घेऊन जा म्हणून पाठवलेलं. मी पाकीट उचललं आणि हात थांबलाच. टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन. जिवाणूचा आरएनए पॉलिमरेज अडवतं, लघवी घाम अश्रू सगळं नारिंगी करतं, आणि लिव्हरमधले एन्झाइम वाढवतं. एन्झाइम वाढले की गर्भनिरोधक गोळीतलं हार्मोन लवकर संपतं, गोळी रोज घेऊनही दिवस जाऊ शकतात. मी बाबांच्या कानात सांगितलं, बाबांनी फक्त मान हलवली आणि तिला म्हणाले, "ताई, जरा थांबा, मॅडमशी बोलून घेऊ." मॅडमनी तिला बसवून अंतरा ह्या गर्भनिरोधक इंजेक्शनबद्दल नीट समजावलं, त्याला रिफाम्पिसिनची अडचण नाही. टीबीची ट्रीटमेंट चालू असताना दिवस गेले असते तर त्या बाईचे काय हाल झाले असते ह्या विचाराने मला बराच वेळ कसंतरी होत राहिलं. परीक्षेत हा प्रश्न 'ड्रग इंटरॅक्शनची उदाहरणे' म्हणून येतो, तिच्या घरी तो वेगळ्याच रूपात आला असता.

दुपारी डबा खाऊन मी पुस्तक उघडलं, अल्फा ब्लॉकर्स. दोन पानं झाली नसतील तोच गेटपाशी मोटारसायकल थांबली. मधे बसवलेला नऊ वर्षांचा मुलगा, मागे आई त्याला घट्ट धरून. वाडीवर भाताच्या उडवीतले भारे काढताना पायाच्या अंगठ्याला लाल विंचू चावलेला, दीड तास होऊन गेलेला.

सिस्टरनी त्याला कॉटवर घेतलं. मी आयुष्यात एवढा घाम बघितलेला नाही. शर्ट पिळला तर पाणी निघेल असा, केस कपाळाला चिकटलेले, तोंडातून लाळ, दोनदा उलटी. आणि हातपाय थंडगार. ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात त्याच्या पावलाला हात लावला तर ओल्या फरशीला लावल्यासारखं वाटलं. नाडी १४०, बीपी १५०/१००. मॅडमनी स्टेथोस्कोप पाठीला लावून खूप वेळ ऐकलं, मग म्हणाल्या, "अजून छाती क्लिअर आहे. दुखतंय का रे बाळा पाय?"

तो नाही म्हणाला. आईला थोडं बरं वाटलं, मॅडमचा चेहरा मात्र तसाच राहिला.

"प्राझोसिन काढा भाऊ, साधी एक एमजी, एक्सएल नको. विंचवाची लस पण आणा. वजन?"

"वीस किलो," सिस्टर म्हणाल्या.

मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तीस मायक्रोग्रॅम पर केजी. किती?"

"सहाशे मायक्रोग्रॅम." एक एमजीची गोळी चुरून दहा एमएल पाण्यात, त्यातले सहा एमएल. बाबांनी खलात गोळी घोटली, मी सिरिंजने मोजून दिलं, सिस्टरनी थोडं थोडं करून तोंडात सोडलं. उलटी होते का म्हणून आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत उभे. झाली नाही. तोवर मॅडमनी लाइन लावून लस सुरू केली होती.

"आता ह्याला कुणी उठवून बसवायचं नाही," मॅडम आईला म्हणाल्या. "लघवीला पण झोपूनच." फर्स्ट डोस हायपोटेन्शन, माझ्या डोक्यात आपोआप उमटलं, पहिल्या डोसनंतर उभं केलं तर बीपी धाडकन पडतं.

मग मला त्या कॉटशेजारी बसवलं, दर अर्ध्या तासाने नाडी, बीपी, श्वास, आणि पाय गरम झाले का बघ. बसल्या बसल्या मी सगळं पहिल्यापासून मांडलं. विष नसांमधले सोडियम चॅनेल बंद होऊ देत नाही, नस सारखी पेटत राहते, ॲड्रेनलिन नॉरॲड्रेनलिनचा पूर येतो. अल्फा वन रिसेप्टर, जीक्यू, आयपी थ्री, पेशीत कॅल्शियम, रक्तवाहिनी आवळते. म्हणून पाय थंड, म्हणून बीपी चढलेलं. हृदय त्या आवळलेल्या नळ्यांवर जोर लावून लावून थकतं आणि मग फुप्फुसात पाणी भरतं, पोरं त्यानेच जायची. लस अंगात फिरणारं विष पकडते, पण जे ॲड्रेनलिन आधीच सुटलंय त्याचं ती काही करू शकत नाही, तिथे प्राझोसिन लागतं. अल्फा वन अडवतं आणि अल्फा टूला हात लावत नाही, त्यामुळे नसेतून नॉरॲड्रेनलिन सुटण्यावरचा ब्रेक शाबूत राहतो.

बाबा खिडकी बंद करून आले आणि शेजारी बसले. म्हणाले, "हे आपल्याच भागात सापडलेलं आहे, माहितेय ना?" माहीत होतं, पण त्यांना सांगायला आवडतं आणि मला ऐकायला. डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात होते तेव्हा विंचवाची माणसं एकामागून एक डोळ्यांदेखत जायची, जुन्या नोंदींत शंभरातली तीसेक दगावायची. त्यांनी पेशंटच्या उशाशी रात्र रात्र बसून काय काय होतं ते लिहून काढलं, १९८२ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, मग ब्लडप्रेशरची ही साधी गोळी वापरायला लागले आणि मरण्याचं प्रमाण एकदम खाली आलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मला त्यातली पद्मश्रीपेक्षा उशाशी बसण्याची गोष्ट मोठी वाटते. कारण आत्ता मी जे करत होते ते तेच होतं, आणि त्या वेळी त्यांच्याजवळ उघडून बघायला हे पान नव्हतं.

साडेचार, पाय थंड. पाच, थंड. साडेपाचला गुडघ्यापर्यंत थोडी ऊब, पाऊल तसंच. सहा वाजून गेल्यावर, तीन तास झाले तसा, दुसरा डोस. १०८ ची गाडी बोलावून दारात उभी करून ठेवलेली, श्वास वाढला तर लगेच महाडला न्यायचं. मी त्याच्या छातीचं वरखाली होणं मोजत होते, आकडा चाळिशीकडे गेला की काय अशी भीती प्रत्येक वेळी. गेला नाही. घाम कमी झाला, लाळ थांबली, चमच्या चमच्याने ओआरएस पोटात राहायला लागलं. त्यातली साखर नुसती ताकदीसाठी नसते, एसजीएलटी वन ग्लुकोजच्या एका कणाबरोबर सोडियमचे दोन आत ओढतो आणि मागोमाग पाणी, हे त्याच्या आईला मी सोप्या शब्दांत सांगितलं, कारण ती म्हणत होती नुसतं पाणी दिलं तर चालेल ना.

आठच्या सुमारास मी पावलाला हात लावला. गरम. दुसरं पाऊल, तेही गरम. बोटांपर्यंत. बीपी ११०/७०. मी मॅडमना हाक मारायला वळले तेवढ्यात पोरगं मोठ्याने रडायला लागलं, "आये, अंगठा दुकतोय, लय दुकतोय!"

आई घाबरली, "बरा होत होता, आता काय झालं?" मॅडम मात्र आल्या त्या हसतच. "दुखायला लागलं ना? चांगलं लक्षण आहे. विषाचा जोर होता तेव्हा दुखत नव्हतं, आता उतरतंय म्हणून दुखतंय." आणि माझ्याकडे वळून, "अंगठा बधिर करायला ब्लॉक देऊ. लिग्नोकेन कशावर काम करतं?"

"सोडियम चॅनेल. बंद करतं."

"आणि विष?"

"सोडियम चॅनेलच. उघडं ठेवतं."

"मग आण. आणि कुठली आणायची?"

फ्रीजशेजारच्या कपाटात दोन व्हायल होत्या, एक साधी, एक ॲड्रेनलिनवाली. ज्या पोराच्या रक्तवाहिन्या दुपारपासून ॲड्रेनलिननेच आवळल्या होत्या त्याच्या अंगठ्यात आणखी ॲड्रेनलिन कोण टोचेल. मी साधी उचलली, लेबल पुन्हा वाचलं, आणि बाबांच्या हातात दिली. त्यांनीही वाचलं आणि मगच मॅडमकडे दिली.