वाड्याच्या नोटिशीची मुद्देवार मांडणी

पुणे, १९ जून २०२५

तीर्थरूप आप्पाकाकांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

वाड्याच्या मालकांच्या वकिलांनी तुम्हांला दिलेली १२ जूनची नोटीस वाचली. मजकूर अडीच पानांचा आहे, पण पूर्णविरामाला वकीलसाहेबांनी फारसे श्रम दिलेले नाहीत, त्यामुळे तुम्हांला ती उमगली नाही यात नवल नाही. तिच्यातील मजकूर खाली मुद्देवार लिहिला आहे. वाक्ये तोडली आणि शब्द सोपे केले, परंतु रक्कम, तारीख, मुदत किंवा अट यांपैकी काहीही गाळलेले नाही आणि पदरचेही काही घातलेले नाही. मुद्द्यांत ‘तुम्ही’ म्हणजे नोटिशीतील ‘भाडेकरू’. सर्व विधाने मालकांची आहेत. ती खरी आहेत असे मी लिहून देत नाही. अर्थाविषयी वाद निघाल्यास मूळ नोटिशीचेच शब्द धरावेत.

१. सदाशिव पेठेतील वाड्याच्या पहिल्या मजल्यावरील दोन खोल्या तुमच्याकडे मासिक भाड्याने आहेत.

२. भाडे दरमहा १,२०० रुपये आहे. भाड्याचा महिना इंग्रजी महिन्याप्रमाणे मोजला जातो.

३. १ एप्रिल २०२४ ते ३१ मे २०२५ या १४ महिन्यांचे भाडे वारंवार मागूनही तुम्ही दिलेले नाही.

४. ही थकबाकी १६,८०० रुपये होते.

५. मालकांची लेखी संमती न घेता तुम्ही मागील खोलीत ‘कायम स्वरूपाचे विभाजक बांधकाम’ केले आहे.

६. थकबाकीची संपूर्ण रक्कम नोटीस मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत द्यावी.

७. मुद्दा ५ मधील बांधकाम नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत स्वखर्चाने काढून खोली पूर्ववत करावी.

८. मुद्दा ६ किंवा मुद्दा ७ यांपैकी कोणत्याही एकाची पूर्तता झाली नाही, अथवा दोन्हींची झाली नाही, तर मालक खोल्यांच्या ताब्यासाठी दावा लावतील.

९. तसा दावा लावावा लागल्यास त्याचा खर्च व परिणाम यांची जबाबदारी तुमच्यावर राहील.

१०. या नोटिशीचा खर्च २,५०० रुपये तुम्ही द्यावा. त्यासाठी मुदत दिलेली नाही.

११. मालकांनी आपले इतर सर्व हक्क राखून ठेवले आहेत.

मुद्दा ८ वर माझा सर्वांत अधिक वेळ गेला. मूळ वाक्य असे आहे: ‘उपरोक्त थकबाकी विहित मुदतीत अदा करण्यात आणि/किंवा सदर बांधकाम निष्कासित करण्यात आपण कसूर केल्यास’. यातील नुसते ‘आणि’ ठेवले असते, तर दोन्ही गोष्टी चुकल्याशिवाय दावा होणार नाही असा समज झाला असता. नुसते ‘किंवा’ ठेवले असते, तर दोन्ही चुकण्याची शक्यता सुटल्यासारखी दिसली असती. म्हणून मुद्दा थोडा लांबला तरी तो तसाच राहू द्यावा. त्याचप्रमाणे ६ आणि ७ एकत्र केलेले नाहीत, कारण ९० दिवस केवळ भाड्यासाठी आहेत आणि बांधकामाला ते लागू नाहीत.

मुद्दा ५ मध्ये बांधकाम विटांचे की लाकडी हे नोटिशीत म्हटलेले नाही, म्हणून मीही म्हटलेले नाही. तुमचे पार्टिशन सागवानी फळ्यांचे आहे हे मला ठाऊक आहे, पण ते मांडण्याची जागा आपले उत्तर ही आहे, ही मांडणी नव्हे.

यापुढील मजकूर नोटिशीतला नाही, माझा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १५ नुसार थकीत भाड्याच्या कारणावरून ताब्याचा दावा लेखी मागणीची नोटीस बजावल्यावर ९० दिवस उलटेपर्यंत लावता येत नाही. तुम्हांला पाकीट १६ जूनला मिळाले, तेव्हा ती मुदत १४ सप्टेंबरला संपते. लेखी संमतीशिवाय केलेल्या कायम बांधकामाचे कारण कलम १६ मध्ये स्वतंत्र आहे. मात्र तेथील स्पष्टीकरणाप्रमाणे, आवश्यक तेथे महापालिकेची परवानगी घेऊन केलेले लाकडी पार्टिशन कायम बांधकामात मोडत नाही. तुमच्या पार्टिशनला परवानगी लागत होती का आणि ती घेतली होती का, हे मात्र मला समजले पाहिजे. तोपर्यंत फळ्यांना हात लावू नये, पण बांधकामाची १५ दिवसांची मुदत १ जुलैला संपत असल्याने उत्तर त्याआधी गेले पाहिजे.

भाड्याच्या पावत्या, एप्रिल २०२४ नंतर भाडे दिले असल्यास त्याचा पुरावा आणि मुख्य म्हणजे टपालाचा शिक्का असलेले पाकीट घेऊन रविवारी सकाळी यावे. मालकांशी तोंडी काहीही कबूल करू नये. काकूंस नमस्कार.

तुमचा पुतण्या